दुचाकीचा अपघात-क्लेम: खिशातून किती जाणार हे मोजताना या चुका टाळा

'पॉलिसी आहे ना, मग शंभर रुपये भरायचे आणि गाडी घेऊन जायची' हा समज गॅरेजच्या काउंटरवर बिल हातात पडेपर्यंत टिकतो. दुचाकीवरचं सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः भरायची ठरावीक रक्कम, साधारण शंभर रुपयेच असतं, हे खरं. पण खिशाला कात्री लागते ती घसाऱ्याने, म्हणजे भाग जुना झाला म्हणून कंपनी त्याच्या किमतीतून कापते त्या हिश्श्याने, आणि त्यातही प्लास्टिकच्या घसाऱ्याने.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पॉलिसीच्या कागदावर गाडीच्या वयानुसार घसाऱ्याचा तक्ता असतो: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५ आणि पुढे आणखी जास्त. लोक आपल्या गाडीचं वय बघतात आणि तो टक्का संपूर्ण बिलाला लावतात. पण हा तक्ता मुख्यतः धातूच्या भागांसाठी आहे. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर गाडी नवीकोरी असली तरी ५० टक्के घसारा लागतो. फायबर ग्लासवर ३० टक्के, काचेवर शून्य. आणि स्कूटर पडली की आधी फुटतात ते पुढचं पॅनल, हेडलाइट, इंडिकेटर, साइड पॅनल. म्हणजे जवळजवळ सगळं प्लास्टिकच. हेडलाइटला काच समजून शून्य घसारा धरू नका, आजकालच्या बहुतेक हेडलाइटची 'काच' प्लास्टिकचीच असते.

एक हिशेब करून पाहू. स्कूटर दोन वर्षं चार महिन्यांची, म्हणजे धातूवर १५ टक्के. गॅरेजचं एस्टिमेट जीएसटीसह १२,७०० रुपये. त्यात प्लास्टिकचे भाग ४,२०० चे, त्यातले २,१०० आपले. फोर्क, हँडल वगैरे धातूचे भाग ३,६०० चे, त्यातले ५४० आपले. रंगकाम १,६००, बिलात रंग आणि मजुरी वेगळी दाखवलेली नसेल तर त्याचा पाव हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणजे २०० आपले. मजुरी १,८००, तिच्यावर घसारा नाही. इथवर आपला वाटा २,८४०.

आता पॉलिसीत न बसणाऱ्या गोष्टी. फोर्क ऑइल, नट-बोल्ट, क्लिप यांचे २५०. बाहेरून बसवलेला लेग गार्ड ९००, कारण तो पॉलिसीत नोंदवून त्याचा प्रीमियम भरलेला नव्हता. झिजलेले ब्रेक शू ३५०. ते अपघाताने गेलेले नाहीत, कंपनीतर्फे नुकसान तपासणारा सर्व्हेअर ते काढणारच. हे १,५०० पूर्ण आपले. मग सक्तीचं डिडक्टिबल १०० आणि प्रीमियम कमी व्हावा म्हणून घेतलेलं ऐच्छिक डिडक्टिबल ५००. जुन्या भागांच्या भंगाराची किंमत म्हणून कंपनी आणखी १५० वजा करते. एकूण ५,०९० आपले, कंपनीचे ७,६१०. बिलाचा चाळीस टक्के वाटा आपल्याकडे येतो.

भागांवरचा घसारा माफ करणारी, जादा प्रीमियम भरून घ्यायची झिरो डेप असती तर? भागांवरचे २,६४० वाचून वाटा २,४५० वर आला असता. शून्यावर नाही. डिडक्टिबल, ऑइल, लेग गार्ड आणि झीज हे तसंच राहतं. बऱ्याच पॉलिसींत टायर-ट्यूब आणि बॅटरीचा ५० टक्के घसारा झिरो डेपमध्येही सुटत नाही, आणि वर्षात किती क्लेमना सूट मिळेल यालाही मर्यादा असते. ते कलम आधी वाचा.

दुसरी महाग चूक म्हणजे पहिलं एस्टिमेट अंतिम मानणं. पॅनल उघडल्यावर आत वाकलेला ब्रॅकेट सापडतो. तो सर्व्हेअरने पाहण्याआधीच बदलला, तर तो अपघातातच वाकला हे सिद्ध करणं कठीण होतं आणि पूर्ण खर्च आपल्या माथी येतो. गॅरेजला सांगून ठेवा: आतलं काही निघालं तर काम थांबवा, पुरवणी एस्टिमेट पाठवा, मंजुरी आल्यावरच भाग बदला, आणि जुना भाग फेकू नका. सर्व्हेअरचा असेसमेंट शीट मागून प्लास्टिक आणि धातूचे रकाने तपासा. धातूचा लीव्हर प्लास्टिकमध्ये गेला असेल तर १५ ऐवजी ५० टक्के कापला जातो. तेवढं दाखवून दिलं तर हिशेब दुरुस्त होऊ शकतो.

क्लेम घ्यायचा की नाही, हे ठरवताना नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल नूतनीकरणाला मिळणारी सूट, हीही मोजा. हा बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर नाही. समजा तो मूळ प्रीमियम १,२०० आहे आणि पुढच्या नूतनीकरणाला ३५ टक्के सूट मिळणार होती, तर क्लेममुळे पहिल्याच वर्षी ४२० रुपये जातात, आणि सूट पुन्हा शून्यापासून चढत जाते. वरच्या उदाहरणात ७,६१० मिळत असल्याने क्लेम घेणंच योग्य. पण कंपनीकडून जेमतेम आठशे-हजार येणार असतील, तर बिल स्वतः भरून बोनस राखलेला बरा.