भाडं पाचशेने कमी मागितलं, बदल्यात बावीस महिने

कर्वेनगरची आमची वन आरके, भाडं ९,००० रुपये. अकरा महिन्यांचा करार मे महिन्यात संपत होता. घरमालक काकांना नुसतं "कमी करा" म्हटलं असतं तर त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं असतं. म्हणून वहीच्या पानावर त्यांचाच हिशोब मांडला. मी सोडली तर खोली महिनाभर रिकामी, म्हणजे ९,००० गेले. एजंटचे ४,५०० वेगळे, वर रंगकाम. मी मात्र ८,५०० दराने बावीस महिने राहिलो तर त्यांचं नुकसान ११,०००.

काका पान बघत राहिले. मग म्हणाले, "आणि तू सहा महिन्यांत नोकरी लागून गेलास तर?"

खरी अडचण हीच होती. नुसत्या शब्दावर सूट कोण देणार? मी म्हटलं, "काका, करारातच अठरा महिन्यांचा लॉक-इन घाला. आधी सोडली तर एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापा."

शेवटी ८,७०० वर जमलं. दोन वेगळे करार न करता बावीस महिन्यांचा एकच नोंदवला, त्यात मधे भाडेवाढ नाही हेही लिहून घेतलं. तेवढं विसरलो असतो तर बाराव्या महिन्यात परत तीच चर्चा.