गणिताविषयीच्या अभिवृत्तीची प्रश्नावली: कृतिसंशोधनात या चुका टाळा

मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी आठवीला गणित शिकवते. पहिलं कृतिसंशोधन केलं तेव्हा वर्गात 31 मुलं होती. विषय होता शाब्दिक उदाहरणं. मुलांनी बाजारातले, बागेतले, होडीवरचे हिशेब घरून आणायचे आणि त्यांची उदाहरणं स्वतः रचायची, असा सहा आठवड्यांचा उपक्रम. आधी आणि नंतर 20 विधानांची अभिवृत्ती प्रश्नावली भरून घेतली. उपक्रमात मुलं खुलली होती, हे मला रोज दिसत होतं. आकडे मात्र सांगत होते की उपक्रमाआधी वर्गाची सरासरी 100 पैकी 61 होती आणि नंतर 60 झाली.

दोन दिवस मी उपक्रमात काय चुकलं ते शोधत बसले. चूक उपक्रमात नव्हती, गुण देण्यात होती. दरवर्षी कोणा ना कोणा सहकाऱ्याच्या अहवालात मला तीच चूक दिसते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

नकारात्मक विधानांचे गुण उलटवायचे राहून जातात

आपण सगळे वापरतो ती पाच पर्यायांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडली. पूर्ण सहमतीला 5, पूर्ण असहमतीला 1. निम्मी विधानं सकारात्मक आणि निम्मी नकारात्मक ठेवावीत, हेही आपण शिकलेलो असतो. पण ‘गणिताच्या तासाला मला कंटाळा येतो’ या विधानाशी मूल सहमत झालं, तर त्याला 4 नव्हे, 2 गुण मिळायला हवेत. नियम सोपा आहे. मुलाने दिलेला आकडा 6 मधून वजा करायचा.

हे केलं नाही तर काय होतं ते बघा. माझ्या प्रश्नावलीत 10 विधानं सकारात्मक होती आणि 10 नकारात्मक. गणित आवडणारी एक मुलगी सकारात्मक विधानांना प्रत्येकी 4 देते, नकारात्मकांना प्रत्येकी 2. सरळ बेरीज 40 अधिक 20, म्हणजे 60. गणिताला घाबरणारा एक मुलगा नेमका उलटा वागतो. सकारात्मकांना 2, नकारात्मकांना 4. त्याचीही बेरीज 60! दोघं एकाच ओळीत येऊन बसतात. गुण उलटवले की मुलीचे 80 होतात आणि मुलाचे 40.

तिसरा प्रकार असतो घाईत सगळीकडे ‘सहमत’वर खूण करणाऱ्याचा. सरळ बेरजेत त्याचे 80 होतात आणि तो वर्गातला सर्वांत मोठा गणितप्रेमी ठरतो. उलटवल्यावर तो 60 वर, म्हणजे बरोबर मध्यावर येतो. न वाचता भरलेला कागद ओळखायची हीच खूण: एकच रकाना सरळ खाली गेलेला, आणि ‘गणित सोडवताना वेळ कसा जातो कळत नाही’ व ‘गणिताच्या तासाला कंटाळा येतो’ या दोन्हींना होकार. असे कागद मी बाजूला काढते आणि किती काढले ते अहवालात लिहिते.

माझ्या वर्गाचे गुण उलटवल्यावर आधीची सरासरी 58 आली आणि नंतरची 64. मुलं तीच, कागद तेच.

गुगल शीटमध्ये हे करताना आणखी एक खड्डा आहे. मुलाने एखादं विधान रिकामं सोडलं तर ती चौकट शून्य धरली जाते. 6 वजा 0 म्हणजे 6, म्हणजे आपल्या मापनीत नसलेलाच गुण त्याला मिळतो. म्हणून मूळ आकडे पहिल्या पानावर तसेच ठेवायचे आणि दुसऱ्या पानावर नकारात्मक विधानाच्या रकान्यात हे सूत्र घालायचं:

```
=IF(Sheet1!D2="","",6-Sheet1!D2)
```

मग खाली एकदा तपासायचं:

```
=MAX(B2:U32)
```

उत्तर 5 च्या वर गेलं तर कुठेतरी रिकामी चौकट उलटली आहे. उत्तरं सुटली असतील तर मुलाची बेरीज न घेता भरलेल्या विधानांची सरासरी घ्या, नाहीतर एक विधान विसरलेलं मूल उगाच गणितद्वेष्टं दिसतं. आणि मूळ पानावर हाताने आकडे बदलू नका. चार दिवसांनी आपण उलटवले होते की नाही ते आठवत नाही आणि तेच आकडे दुसऱ्यांदा उलटतात.

‘नाही’ आणि ‘असहमत’ एकाच ओळीत

नकारात्मक विधान म्हणजे ‘नाही’ असलेलं विधान, असा आपला समज असतो. ‘मला गणित आवडत नाही’ या विधानाला ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे गणित आवडतं म्हणायचं. हा गुंता आठवीचं मूल सोडवेल कशाला? ते ‘नाही’ वाचतं, मनात ‘नाही, आवडत नाही’ म्हणतं आणि ‘असहमत’वर खूण करून मोकळं होतं. आपल्याकडे मात्र अगदी उलटी नोंद होते.

नकार शब्दात न ठेवता अनुभवात ठेवला की हा घोळ जातो. ‘फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं की माझ्या पोटात गोळा येतो.’ ‘गणिताचा गृहपाठ मी सगळ्यात शेवटी काढतो/काढते.’ या वाक्यांत ‘नाही’ कुठेच नाही, आणि मुलाला स्वतःचा प्रसंग आठवतो.

पर्यायही मी बदलले. ‘तटस्थ’ हा शब्द आमच्या वर्गात निम्म्यांना कळला नव्हता. आता मी लिहिते: अगदी खरं, बरंचसं खरं, सांगता येत नाही, फारसं खरं नाही, अजिबात खरं नाही. गुण तेच, 5 ते 1.

एका वाक्यात दोन गोष्टी घालू नका, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ‘गणित सोपे व मनोरंजक आहे’ हे विधान अहवालांतून जात नाही. माझ्या वर्गात गणित सोपं वाटणारा आणि त्याचाच कंटाळा येणारा मुलगा होता. त्याने कुठे खूण करायची?

मुलाच्या मनात ‘गणित’ म्हणजे काय, हे न विचारणं

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई बाजारात मासे विकायला बसते. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथे गेले तर ही आईशेजारी. गिऱ्हाईक म्हणालं, चार वाटे दोनशे ऐंशीला देतेस तर मला तीनच दे. तिने ‘दोनशे दहा’ म्हणत पाचशेची नोट घेतली आणि दोनशे नव्वद हातावर ठेवलेसुद्धा. याच मुलीने आदल्या आठवड्यात ‘मला गणित जमत नाही’ला ‘पूर्णतः सहमत’ केलं होतं. (तेव्हा मीही ‘नाही’वाली विधानं लिहीत होते.) मी तिला म्हटलं, अगं, हे गणितच तर केलंस. ती म्हणाली, “बाई, तां गणित नाय, तो हिशोब.”

तिच्या लेखी गणित म्हणजे वही, फळा आणि बहुपदी. त्यामुळे ‘गणित व्यवहारात उपयोगी आहे’ हे विधान जवळजवळ निरुपयोगी ठरतं. पुस्तकात तसं छापलेलं असतं, म्हणून सगळी मुलं त्याला होकार देतात. 31 पैकी 29 जणांनी एकच उत्तर दिलं तर त्या विधानाने कोणालाच कोणापासून वेगळं केलेलं नसतं, आणि उपक्रमानंतर ते वर सरकायलाही जागा उरत नाही. त्याऐवजी मी लिहिलं: ‘पेटीतले आंबे किंवा काजूच्या बियांचा हिशेब करताना शाळेतलं गणित मला आठवतं.’ यावर वर्ग खरोखर विभागला गेला, आणि उपक्रमानंतर सर्वांत जास्त हललेलं विधान तेच होतं.

हे कळण्यासाठी प्रश्नावली पक्की करण्याआधी सहा-सात मुलांना एकेक करून बसवा. विधान मोठ्याने वाचू द्या आणि ‘तुला यातून काय कळलं?’ एवढंच विचारा. मुलं शेजारच्या तुकडीतली घ्या, म्हणजे आपल्या वर्गाला विधानं आधीच माहीत होणार नाहीत. दोन मधल्या सुट्ट्यांत हे काम होतं.

एक विधान मात्र काढूनच टाका: ‘आमच्या बाई/सर गणित छान शिकवतात.’ ते मत आपल्याबद्दलचं आहे. फेनेमा आणि शर्मन यांच्या 1976 च्या गणित-अभिवृत्ती मापन्यांतसुद्धा आत्मविश्वास, भीती, उपयुक्तता आणि शिक्षक यांच्या मापन्या वेगवेगळ्या आहेत. आपल्या 20 विधानांतही आत्मविश्वासाची, भीतीची आणि उपयोगाची विधानं ओळखता येतील अशी ठेवा आणि त्यांच्या सरासऱ्या वेगळ्या काढा. माझ्याकडे उपयुक्ततेची सरासरी चढली आणि भीती होती तिथेच राहिली. एकाच बेरजेत हे दिसलं नसतं.

कागदावर नाव

नाव लिहायला लावलं की गणिताच्या बाईंसमोर गणित सगळ्यांना आवडतं. नाव अजिबात नसेल तर आधीचा आणि नंतरचा कागद एकाच मुलाचा आहे हे कळत नाही. जन्मतारखेचा संकेतांक करायला सांगतात, पण हजेरीपट आपल्याच कपाटात असतो आणि मुलांना ते माहीत असतं.

मी मराठीच्या बाईंची मदत घेते. त्या प्रत्येक मुलाला एक क्रमांक देतात आणि यादी बंद पाकिटात स्वतःकडे ठेवतात. दोन्ही वेळा क्रमांक घातलेले कागद त्याच वाटतात आणि त्याच गोळा करतात. तेव्हा मी वर्गात नसते, आणि हे मुलांना आधी सांगितलेलं असतं. खुणा फक्त बरोबरच्या, म्हणजे अक्षरावरूनही ओळख पटत नाही.

क्रमांकाचा दुसरा फायदा आपल्याकडच्या पावसात कळतो. पूर्वचाचणीला 31 मुलं होती, उत्तरचाचणीच्या दिवशी ओहोळाला पाणी आलं आणि 26 आली. आधीची सरासरी 31 जणांची आणि नंतरची 26 जणांची अशी तुलना करू नका. दोन्ही वेळा हजर असलेल्या 26 जणांचीच जोडी लावा. उत्तरचाचणी गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवू नका, आणि घटक चाचणीचे पेपर वाटले त्या दिवशीही नको. त्या दिवशी मूल गणिताबद्दल बोलत नसतं, हातातल्या गुणांबद्दल बोलत असतं.

शेवटची तपासणी, अर्ध्या तासाची

गुण उलटवून झाले की पूर्वचाचणीच्या एकूण गुणांवरून मुलांना उतरत्या क्रमाने लावा. वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के घ्या. 31 मुलांत हे प्रत्येकी 8 होतात. आता प्रत्येक विधानाची दोन्ही गटांतली सरासरी काढा. वरच्या गटाची सरासरी स्पष्टपणे जास्त असेल तर विधान काम करतंय. दोन्ही सारख्या असतील तर ते सगळ्यांना सारखंच वाटणारं विधान आहे. खालच्या गटाची सरासरी जास्त आली, तर आधी गुण उलटवलेत का ते बघा. उलटवले असतील तर मुलांनी विधान वेगळंच वाचलंय.

माझ्या 20 पैकी तीन विधानं अशी गळली. दोन्ही वेळच्या आकड्यांतून मी ती काढली आणि 17 विधानांवर अहवाल लिहिला. तुलनेला दुसरा वर्ग नव्हता, म्हणून ‘उपक्रमामुळे अभिवृत्ती सुधारली’ असं न लिहिता ‘उपक्रमाच्या काळात 26 पैकी 18 मुलांचे गुण वाढले, 5 जणांचे घटले, 3 जणांचे तसेच राहिले’ असं लिहिलं. त्या पाचांत कोण कोण होते ते मला माहीत नाही. पाकीट अजून मराठीच्या बाईंच्या कपाटात आहे.