एका दिवसात अनेक पॅनल मुलाखती: वेळापत्रकातल्या या चुका टाळा

बारा उमेदवार, तिघांचं पॅनल, प्रत्येकाला अर्धा तास. सकाळी १० ते १ सहा जण, पाऊण तास जेवण, मग पावणेपाचपर्यंत उरलेले सहा. माझं पहिलं वेळापत्रक असं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक मुलाखत ८ मिनिटांनी लांबत गेली. साडेबाराचा उमेदवार १:१० ला आत गेला आणि १:४८ ला बाहेर आला. जेवणाची सुट्टी तोवर संपलीही होती.

उमेदवार रेंगाळत नव्हते, मीच स्लॉट चुकीचा मोजला होता. उमेदवार बाहेर पडल्यावर पॅनल गुण भरतं, दोन शब्द बोलतं, पुढचा बायोडेटा उघडतं. हे काम दर वेळी होणारच, त्यामुळे ते स्लॉटमध्येच धरायला हवं: ३० मिनिटं मुलाखत, ७ मिनिटं गुण आणि टिपणं, ३ मिनिटं पुढच्याची तयारी. म्हणजे स्लॉट ४० मिनिटांचा. गुण संध्याकाळी एकदम भरू म्हणालात तर सकाळचे चेहरे एकमेकांत मिसळतात आणि शेवटचे दोघेच लक्षात राहतात.

दुसरी चूक जास्त छुपी आहे: विश्रांतीलाच बफर समजणं. दहा मिनिटांची सुट्टी उशीर भरून काढण्यात गेली, तर पॅनलला विश्रांती मिळालीच नाही. दोन्ही वेगवेगळे धरा. आता मी असं लावते: १०:००, १०:४०, ११:२०, मग १२ ते १२:२० मोकळे, त्यातली १० मिनिटं विश्रांती आणि १० बफर. पुढे १२:२० आणि १:००. जेवण १:४० ते २:३०, त्यातही १० मिनिटं बफरची. दुपारी २:३०, ३:१०, ३:५०. पुन्हा २० मिनिटं मोकळी. शेवटी ४:५० आणि ५:३०. दिवस ६:१० ला संपतो आणि उमेदवार दहाच बसतात. उरलेल्या दोघांना दुसरा दिवस द्या. त्यांना याच दिवशी कोंबलंत की बफर गेलाच.

सगळ्यांना दहाला बोलावू नका. प्रत्येकाला त्याच्या वेळेआधी २० मिनिटं बोलावलं की पुरतं.

दिवस घसरतोय हे लवकर कळावं म्हणून ठरलेल्या वेळेशेजारी प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ लिहीत जा. तिसरा उमेदवार आत जाताना फरक १० मिनिटांपर्यंत असेल तर पुढचा बफर तो भरून काढतो. त्याहून जास्त असेल तर जेवणानंतरच्यांना तेव्हाच फोन करून नवी वेळ सांगा. चौथ्याची मुलाखत मात्र वीस मिनिटांत गुंडाळू नका. त्याला कमी प्रश्न विचारले तर त्याचे गुण इतरांच्या शेजारी ठेवता येत नाहीत. कुणी आलाच नाही, तर त्या ४० मिनिटांत आधी साचलेला उशीर भरून काढा. पुढचा उमेदवार बाहेर बसलेला असेल आणि तयार असेल तरच त्याला लवकर आत घ्या.