बारा मिलिॲम्प आले कुठून?

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या ओरलला मला एक सर्किट काढून दिलं होतं. तीन रेझिस्टर पॅरललमध्ये, टोटल करंट 20 मिलिॲम्प. पहिल्या ब्रांचमध्ये 1 किलोओहम, दुसरीत 1.5 किलोओहम आणि तिसरीत नुसतं प्रश्नचिन्ह. पहिल्या ब्रांचमधल्या मीटरवर 9 मिलिॲम्प लिहिलेले. तिसऱ्या ब्रांचचा करंट काढायचा होता.

मी पाठ केलेलं सूत्र घेऊन तुटून पडलो. समोरचा रेझिस्टर वर, बेरीज खाली:

I1 = 20 × 1.5 / (1 + 1.5) = 12 mA

सर शांतपणे म्हणाले, "मीटर 9 दाखवतंय, तुझे 12 येतायत. मीटर बिघडलंय का?" आणि मी चक्क "असेल सर" म्हणालो.

ते 12 मिलिॲम्प कुठून आले, हे समजायला मला पुढे बरेच दिवस लागले. ते उत्तर चूक नव्हतं, ते वेगळ्याच सर्किटचं होतं. तिसरी ब्रांच कापून टाकली आणि 20 मिलिॲम्प तेवढेच ठेवले, तर पहिलीतून बरोबर 12 जातात. दोन ब्रांचचं सूत्र वापरताना मी तिसरी ब्रांच मनातल्या मनात उपटून टाकली होती.

माहीत नसलेला रेझिस्टर दिसला की सूत्र बाजूला ठेवा आणि आधी व्होल्टेज शोधा. पॅरललमध्ये तिन्ही ब्रांचना व्होल्टेज एकच असतं. इथे पहिलीतून 9 मिलिॲम्प जातात आणि तिथे 1 किलोओहम आहे, म्हणजे 9 व्होल्ट. दुसऱ्या ब्रांचलाही हेच 9 व्होल्ट, म्हणून तिचा करंट 9 / 1.5 = 6 मिलिॲम्प. उरले 20 − 9 − 6 = 5 मिलिॲम्प. तेच उत्तर. रेझिस्टरची किंमतही हवी असेल तर 9 व्होल्ट भागिले 5 मिलिॲम्प, 1.8 किलोओहम. सगळ्यात मोठ्या रेझिस्टरमधून सगळ्यात कमी करंट, हेही जुळतं.

दोन ब्रांचचं सूत्र इथे अगदीच बाद नाही म्हणा. तिसरीचे 5 मिलिॲम्प आधीच दिले असते, तर उरलेले 15 पहिल्या दोघींत त्याच सूत्राने वाटता आले असते: 15 × 1.5 / 2.5 = 9. सूत्रात टोटल करंट घालायचा नाही, त्या दोघींच्या वाट्याला आलेला घालायचा, एवढंच.

आता ज्युनिअरच्या जर्नलमध्ये मला आणखी एक चूक वारंवार दिसते. तिन्ही रेझिस्टर माहीत असले की काही जण सूत्र स्वतःच लांबवतात आणि वर "बाकीच्या दोघांची बेरीज", खाली "तिघांची बेरीज" लिहितात. आपल्याच किमती घालून बघा: 15.35, 13.02 आणि 11.63 मिलिॲम्प. बेरीज 40, म्हणजे दिलेल्या करंटच्या दुप्पट! रेझिस्टर कुठलेही घ्या, या सूत्राने बेरीज नेहमी दुप्पटच येते, कारण प्रत्येक रेझिस्टर वरच्या बाजूला दोनदा मोजला जातो. म्हणून उत्तर लिहिल्यावर तिन्ही करंटची बेरीज करून टोटलशी ताडून बघायची. बरोबर सूत्र हवं असेल तर I1 = I × Req / R1, यात Req तिन्हींचा मिळून पॅरलल रेझिस्टन्स. आपल्या सर्किटमध्ये तो 450 ओहम येतो, आणि 20 × 450 / 1000 = 9.

नुसता टोटल करंट आणि दोन रेझिस्टर दिले असतील तर मात्र हात टेकायचे. एखाद्या ब्रांचचा करंट, व्होल्टेज किंवा Req, यातलं एक तरी मिळाल्याशिवाय गणित सुटत नाही.

कागदावरचे 1.8 किलोओहम ब्रेडबोर्डवर तसेच मिळतील असं समजू नका. सोनेरी पट्टीचा रेझिस्टर 5 टक्के इकडेतिकडे असू शकतो. समजा 1 किलोओहमचा खरं तर 950 ओहमचा आहे आणि मीटर 9 मिलिॲम्पच दाखवतंय. मग व्होल्टेज 8.55, दुसरीचा करंट 5.7, तिसरीला उरतात 5.3, आणि R3 येतो साधारण 1.61 किलोओहम. चूक 5 टक्क्यांची, पण रेझिस्टरच्या किमतीत फरक दहाएक टक्क्यांचा, कारण व्होल्टेज कमी होतं तेव्हाच वजाबाकीतून उरलेला करंट वाढतो. तिसरी ब्रांच 18 किलोओहमची असती, तर तिचा करंट अर्धा मिलिॲम्प. अशी चूक तिला गिळूनच टाकते. तेव्हा वजाबाकीच्या भरवशावर न राहता मीटर सरळ तिसऱ्या ब्रांचमध्ये सिरीजला लावायचं.