‘सगळं धरून’ म्हणजे नक्की काय काय? पुण्यात पीजी घेताना या चुका टाळा

जून-जुलै आला की माझा फोन लातूरच्या नंबरांनी भरून जातो. मावसभाऊ, त्याचे मित्र, त्या मित्रांच्या बहिणी. प्रश्न ठरलेला: “ताई, कर्वेनगरला पीजी बघितलाय, साडेनऊ हजार, सगळं धरून. घेऊ का?”

मी विचारते, सगळं म्हणजे काय? उत्तर येतं, “जेवण, लाइट, धुणं, वायफाय, सगळं.” मग विचारते, लाइट किती युनिटपर्यंत? जेवण रविवारी रात्री असतं का? डिपॉझिटमधून सोडताना किती कापतात? इथे पलीकडे शांतता. टोकन मात्र जीपेने पाठवून झालेलं असतं.

मी स्वतः पुण्यात तीन पीजी बदललेत. तिन्ही ठिकाणी फसले, त्यामुळे पुढचं जरा चिडून लिहिलंय असं वाटलं तर ते खरं आहे.

डिपॉझिटला ‘परत मिळणारे पैसे’ समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मीच केली होती.

भाडं 7,000, डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे 14,000. काकू गोड होत्या. “अगं, डिपॉझिट काय, तुझेच पैसे आहेत. जाताना घेऊन जा.” आणि छापील नियमांचा एक कागद पुढे केला. मी तो वायफायचा पासवर्ड शोधण्यासाठी वाचला आणि सही केली. ऑगस्टच्या एक तारखेला राहायला आले.

मे महिन्यात परीक्षा संपली. 10 मेला काकूंना सांगितलं की 31 ला खोली सोडते. तेव्हा तो कागद पुन्हा बाहेर आला. अकरा महिने राहणं बंधनकारक. ऑगस्ट ते मे म्हणजे दहाच महिने, म्हणून जूनचं भाडं 7,000 कापलं. सोडताना मेंटेनन्स 3,000. कपाटाची एक किल्ली हरवली होती, तिचे 300. शेवटचं लाइट बिल 840. हातात आले 2,860 रुपये.

लाइट बिल मी वापरलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण उरलेले 10,300 रुपये ही भाड्याचीच रक्कम होती, फक्त ती शेवटी एकदम घेतली. दहा महिन्यांवर वाटली तर दर महिन्याला 1,030. म्हणजे ती खोली मला 7,000 ला कधीच मिळाली नव्हती, 8,030 ला मिळाली होती. शेजारच्या गल्लीतली 7,500 ची खोली मी ‘महाग’ म्हणून सोडली होती, हे आठवलं की अजूनही डोकं तापतं.

सगळा घोळ अकरा आणि दहाचा आहे. करार अकरा महिन्यांचा, आणि विद्यार्थ्याचं वर्ष भरतं दहा महिन्यांचं, कधी साडेनऊ. मालकाला हे दरवर्षी माहीत असतं, नव्या मुलाला पहिल्यांदा कळतं ते मे महिन्यात. म्हणून मी आता एकच वाक्य विचारायला सांगते: “मी 31 मेला गेलो, तर डिपॉझिटमधले किती रुपये परत द्याल?” आकडा विचारायचा. “बघू”, “तेव्हाचं तेव्हा”, “आजवर कुणाची तक्रार नाही” ही उत्तरं मी शून्य धरते. आकडा मिळाला तर त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायचा: “काकू, आज ठरल्याप्रमाणे मेंटेनन्स 3,000 सोडून बाकी डिपॉझिट परत, बरोबर ना?” समोरून नुसतं ‘हो’ आलं तरी पुरतं. नोटीस कुठून मोजतात हेही त्यातच विचारा. बऱ्याच ठिकाणी 10 तारखेला दिलेली नोटीस पुढच्या एक तारखेपासून धरतात.

कायद्याचं म्हणाल तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. पीजीत मात्र बहुतेक वेळा तुमच्या हातात नियमांचा झेरॉक्सच येतो. निदान डिपॉझिटची सही केलेली पावती तरी घ्या. रोख देऊन पावती न घेणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही.

सबमीटर दिसला की निर्धास्त होणं

दुसऱ्या पीजीत मी हुशार झाले होते. खोलीला स्वतंत्र सबमीटर, युनिटला 12 रुपये, जितकं वापराल तितकं भरा. यात कसली फसवणूक?

आम्ही तिघी होतो. दोन पंखे, एक ट्यूब, तीन लॅपटॉप आणि गिझर. बिल यायचं 140 युनिटच्या आसपास. हिशेब केला तर पटेना. 15 लिटरच्या गिझरची एक टाकी अंघोळीपुरती तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. तिघींचे दिवसाला दीड, महिन्याला 45. पंखे, दिवा, लॅपटॉप मिळून दिवसाला सव्वा युनिट धरला तरी महिन्याला चाळीसच्या आत. म्हणजे 80-85 व्हायला हवे होते. वरचे साठ युनिट कोण खात होतं?

रूममेटचे बाबा वायरमन. त्यांनी फोनवर सांगितलं, खोलीतली सगळी बटणं बंद करा, गिझरचं आणि चार्जरचंसुद्धा, आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. वापर चालू असेल तरच तो लुकलुकतो. आम्ही सकाळी सातला सगळं बंद करून जिन्यात उभ्या राहिलो. दिवा भराभर लुकलुकत होता. तेवढ्यात शेजारच्या खोलीच्या बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. त्यांचा गिझर आमच्या मीटरवर होता! चार मुली, दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. बरोब्बर 720 रुपये आम्ही दर महिन्याला शेजारणींच्या अंघोळीवर खर्च करत होतो.

काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, “असं कसं होईल?” आणि वायरमन बोलावला. मुद्दाम केलं होतं असं मला वाटत नाही, जुन्या वाड्यात कुणी कधी कुठून वायर ओढली असेल. पण मागचे पैसे काही मिळाले नाहीत. तेव्हापासून नवीन खोलीत सामान उघडायच्या आधी मी दिव्याची परीक्षा घेते आणि रीडिंगचा तारखेसकट फोटो काढते. दोन मिनिटांचं काम आहे.

सबमीटर नसेल आणि अख्ख्या फ्लॅटचं बिल माणशी वाटत असतील, तर वेगळीच गंमत. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिले 100 युनिट स्वस्त, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, आणि त्यावर सगळ्यात महाग. घरी तुमचं चार माणसांचं बिल खालच्या टप्प्यांत बसतं. आठ मुलांचा फ्लॅट सहज वरच्या टप्प्यात जातो, त्यामुळे तितकीच वीज वापरूनही प्रत्येकाला युनिट महाग पडतो. त्यात एका खोलीत एसी असेल तर तो कुणाच्या बिलात जातो हे आधी विचारा.

रविवारी दुपारी जेवण चाखणं

कृपा करून हे करू नका. रविवारी दुपारी फीस्ट असते. पुरी, श्रीखंड, मसालेभात. त्या दिवशी वाईट जेवण देणारी मेस मी पुण्यात पाहिलेली नाही. बुधवारी रात्री साडेनऊला जा, पैसे देऊन गेस्ट थाळी घ्या. तेव्हा तिसरी पोळी गरम येते का आणि भाजी उरलेली असते का, एवढं बघा.

दुसरं म्हणजे खाडे. दोन वेळची मेस 3,600 ला असेल तर दिवस पडतो 120 ला. दिवाळी, गणपती, घरचं लग्न धरून वर्षात वीस दिवस तरी घरी जाता. बाहेरची मेस साधारण आदल्या दिवशी सांगितलं आणि सलग तीन दिवस असले तर खाडा धरते. ‘सगळं धरून’ असलेल्या पीजीत खाडा हा शब्दच नसतो. आणि रविवारी रात्री दोन्हीकडे चूल बंद.

धुणं

कपडे मोजून घेतात, इस्त्री वेगळी, पावसाळ्यात चार दिवस वाळत नाहीत. चादर एक कपडा धरतात की तीन, ते विचारा. यापेक्षा जास्त विचार करायची गरज नाही, बादली घ्या.

न जोडता ठरवणं

मावसभावाने यंदा दोन जागा धरल्या होत्या, दोन्ही कर्वेनगरात. पहिली साडेनऊ हजारांची, सगळं धरून. दुसरी नुसती कॉट 6,500, मेस बाहेर 3,600, लाइट सबमीटरवर, अंदाजे 30 युनिटचे 360. म्हणजे 10,460. “पहिली हजाराने स्वस्त आहे की ताई.”

मी म्हटलं, फोन कर आणि विचार. त्याने कुरकुरत केला. पहिल्या जागी लाइट माणशी 20 युनिटपर्यंतच होती, वरच्या दहाचे 120 रुपये. सोडताना मेंटेनन्स 5,000, शिवाय अकरावा महिना साडेनऊ हजार. मिळून 14,500, दहा महिन्यांवर वाटले की 1,450. रविवारच्या रात्री बाहेर जेवायचे महिन्याला 400. झाले 11,470.

दुसऱ्या जागी अकरा महिन्यांची अट नाही, सफाईचे 1,000 कापतात, म्हणजे महिन्याला 100. रविवारचे 400 इथेही. वीस दिवसांच्या खाड्यांचे 2,400 वाचतात, म्हणजे महिन्याला 240 वजा. झाले 10,720.

साडेसातशेचा फरक, आणि तोही उलट्या बाजूने. हे आकडे त्याच्या दोन जागांचे आहेत. तुम्ही वर्षभर पुण्यातच राहणार असाल, सुट्टीतही क्लास असेल, तर अकराव्या महिन्याचा तोटा उरत नाही आणि पहिलीच जागा परवडेल. म्हणून आधी कॅलेंडर काढून किती महिने आणि किती दिवस राहणार ते मोजायचं.

पहिल्या जागी त्याने दोन हजार टोकन आधीच पाठवलं होतं. ते परत मागितलं तर तिकडून उत्तर आलं, “टोकन परत होत नसतं, राजा.” आता तो विचारतोय की दोन हजार वाचवण्यासाठी तिथेच राहू का. मी त्याला कागद-पेन घ्यायला सांगितलंय.