घरगुती फूड बिझनेस : मेनू ठरवण्याआधी फ्रिज उघडा

हाताला चव आहे, लोक मागून मागून खातात, हे गृहीत धरते. आता प्रश्न छोट्या किचनचा. बहुतेक जणी शेगड्या मोजतात, मीही तेच करायचे, पण अडतं ते गार करण्यात आणि ठेवण्यात.

समजा २० जणांची ग्रेव्हीची ऑर्डर आहे, माणशी ३०० ग्रॅम, म्हणजे ६ किलो. एका मोठ्या पातेल्यात आरामात शिजते. पण रात्री झाकण ठेवून ओट्यावर सोडली तर वरून गार लागते आणि मधे कितीतरी तास कोमट राहते. ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू भराभर वाढतात, आणि काही असं विष तयार करतात की सकाळी खळखळून उकळलं तरी ते जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, म्हणून कळतच नाही. भाताचंही तसंच. घरच्या चार माणसांच्या स्वयंपाकात हे सहसा जाणवत नाही कारण भांडं छोटं असतं, म्हणून "आम्ही तर वर्षानुवर्षं असंच करतो" हे इथे चालत नाही!

नियम असा की ६० वरून २१ डिग्रीवर २ तासांत यायला हवं आणि पुढच्या ४ तासांत ५ च्या खाली. तेच ६ किलो चार पसरट ट्रेमध्ये काढा, थर दोन इंचाच्या आत, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून हलवत राहा, आणि थर्मामीटर मधोमध खुपसून बघा, कडेला नाही. मग फ्रिजमध्ये. आता घरचं दूध-भाजी असताना ते चार ट्रे एकावर एक न रचता मावतात का, मावले तरी हवा फिरायला जागा उरते का? नसेल तर तुमची ऑर्डर २० ची नाही, १० ची आहे.

म्हणून माझं मत, रोजच्या जेवणाच्या डब्यांनी सुरुवात करू नका. तीन पदार्थ, तीन भांडी, सगळं एकाच वेळी गरम, छोट्या किचनला झेपत नाही. त्यापेक्षा कोरडे टिकाऊ पदार्थ घ्या, एका दिवशी एकच करायचा, पूर्ण गार झाल्यावरच भरायचा, नाहीतर डब्यात वाफ धरते आणि बुरशी येते. किंवा आठवड्यातून एकदा, आगाऊ ऑर्डर घेऊन, एकच गरम पदार्थ, शिजला की थेट गिऱ्हाइकाच्या हातात, म्हणजे साठवायची भानगडच नाही. यात पैसा हळू येतो हे खरंय, पण घाबरू नका, जागा कमी म्हणजे धंदा होतच नाही असं अजिबात नाही.

आणि ते लोगो आणि पॅकिंगपासून सुरुवात करायला लावणारे मेंटॉर, त्यांना आधी विचारा की शिजवलेलं गार कुठे करायचं. गप्प बसले तर फी वाचवा आणि त्यातून थर्मामीटर घ्या. तुमच्याकडचा घरगुती फूड परवाना कोणते पदार्थ विकू देतो तेही मेनू छापण्याआधीच बघून घ्या, नाशवंत पदार्थांना बऱ्याच ठिकाणी वेगळे नियम असतात.