गाण्यातले कोणते शब्द गाळायचे?

गाण्यावरून भाषा शिकताना गाळलेल्या जागा भरायच्या असतील, तर दर पाचवा शब्द डोळे मिटून खोडू नका. काय ऐकायला शिकायचंय ते आधी ठरवा. यमकाचा शब्द तर गाळूच नका, तो न ऐकताही अंदाजाने भरता येतो.

इंग्रजीचं उदाहरण घ्या. ‘आय विल वेट फॉर यू अ‍ॅट द स्टेशन’ अशी ओळ असेल, तर बहुतेक जण ‘स्टेशन’ गाळतात. पण तो स्पष्ट ऐकू येतो. खरी गोची ‘फॉर’ आणि ‘अ‍ॅट’ची: ते ‘फर’, ‘अट’ असे निसटते येतात. तेच गाळा. एका कडव्यात पाच-सहा जागा पुरेत. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा भरा, तिसऱ्यांदा तपासा. शब्द ऐकू आला नाही, तर तिथे काय बसेल ते व्याकरणावरून ठरवा आणि पुन्हा ऐका.

मग तेच कडवं गायकासोबत म्हणा. मागे पडत असाल, तर बहुधा तुम्ही प्रत्येक शब्द सुटा आणि पूर्ण उच्चारताय. वेग थोडा कमी करून शब्द जोडत म्हणा.

मात्र चाल उच्चार वाकवते. फ्रेंचमध्ये बोलताना गळणारा शब्दाचा शेवटचा स्वर गाण्यात कित्येकदा गायला जातो, आणि चिनीसारख्या भाषेत शब्दाचा अर्थ ठरवणारा सूर चालीत हरवू शकतो. म्हणून गाऊन झाल्यावर तीच ओळ चाल सोडून, बोलल्यासारखी म्हणा आणि रेकॉर्ड करून ऐका.